बेरीज कोण करणार?

आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, पन्नास वर्षांचा नेम. मागच्या उन्हाळ्यात मात्र रात्री जीभ टाळ्याला चिकटून त्या बसून राहायच्या. तोंड कोरडं, पोट साफ नाही, डोळ्यांसमोर धुकं. एके संध्याकाळी मला विचारलं, "तू कुणाची गं?" घरातले सगळे म्हणाले, "वय झालं की आता." हे 'वय झालं' नावाचं औषध आपण किती सहज देतो! चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि विचार तर मुळीच करावा लागत नाही.

शेवटी माझ्या फार्मसिस्ट भाचीने गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतली आणि कागदावर आकडे मांडले. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. लाळ सुटणं, आतडं हलणं, लघवीची पिशवी आवळणं, आठवण धरणं, या सगळ्यांत त्याचा हात. काही औषधं त्याची वाट अडवतात. 2008 साली बौस्तानी आणि सहकाऱ्यांनी अशा औषधांना अंक देणारी पट्टी प्रसिद्ध केली : अडवण्याची नुसती शक्यता असेल तर 1, परिणाम ठळक असेल तर 2 किंवा 3. एका माणसाच्या सगळ्या गोळ्यांची बेरीज 3 किंवा जास्त झाली, की यादी पुन्हा तपासायची.

आत्याबाईंचा हिशेब असा. पायाच्या जळजळीसाठी ॲमिट्रिप्टिलीन, 3. लघवीच्या घाईसाठी सोलिफेनासिन, 3. सर्दीची म्हणून दुकानातून चिठ्ठीविना आणलेली गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामिन, 3. पायाची सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड, 1. एकूण 10. यातली एकही गोळी चुकीची म्हणून कुणी दिली नव्हती. प्रत्येकाने आपापलीच पाहिली. बेरीज कुणाचीच नव्हती!

इथे मी त्या पट्टीशीही भांडणार आहे. कारण आकडा हाती आला की माणसं डोकं बाजूला ठेवतात. पट्टी मात्रा पाहत नाही : ॲमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम घ्या नाहीतर 75, अंक 3 च. दुसरी पट्टी लावली तर त्याच यादीची बेरीज वेगळी येऊ शकते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आमच्या घरातली खरी सुरुवात जिच्यापासून झाली, त्या गोळीला शून्य होतं. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपीनने घोटे सुजले. सुजेसाठी फ्युरोसेमाइड आली, सकाळ-संध्याकाळ. आत्याबाई संध्याकाळची गोळी नेमाप्रमाणे मावळतीआधी शेवटच्या पाण्याबरोबर घ्यायच्या, म्हणून मध्यरात्रीपर्यंत चार वेळा उठणं. त्या उठण्यावर सोलिफेनासिन आली. रात्रीची ॲमिट्रिप्टिलीनसुद्धा त्याच शेवटच्या पाण्याबरोबर, म्हणून दिवेलागणीलाच गुंगी. हे बेरजेत दिसत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाजवळ बसून 'कोणती गोळी कधी आली, कशासाठी आली, किती वाजता घेता' असं विचारावं लागतं.

भाचीने काहीच परस्पर बंद केलं नाही, सर्दीची गोळी सोडून. हेही सांगायलाच हवं, कारण असला आकडा ऐकला की उत्साही मुलगे सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकतात. ॲमिट्रिप्टिलीन एकदम सोडली तर मळमळ, डोकेदुखी, झोपमोड होऊ शकते. ती कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी ॲम्लोडिपीन बदलली. सूज उतरल्यावर फ्युरोसेमाइड थांबवली, आणि रात्रीचं उठणं कमी झाल्यावर सोलिफेनासिन. ॲमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम तशीच ठेवली, कारण तिच्याविना आत्याबाईंना पाय टेकवत नव्हते. बेरीज 3 उरली. पट्टीच्या मते अजूनही धोका. आमच्या मते कळून-सवरून पत्करलेला. महिन्याभरात जीभ ओली झाली, मला नावाने हाक आली. विसरणं थोडं राहिलं आहे. ते खरोखर वयाचं असेल, पण आता तसं म्हणायचा आम्हाला हक्क आहे.

2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधं समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. मग काउंटरवर पट्टी कापून सुटे पैसे परत देण्यापलीकडे ते काम का सरकत नाही? आणि आपण तरी कधी मागतो? भाजीवाल्याशी रुपया-दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बायका आपण, दहा गोळ्यांचा हिशेब मात्र न विचारता घेऊन येतो. पुढच्या वेळी चिठ्ठी एकटी नेऊ नका, अख्खी पिशवी न्या. सर्दीची, खाजेची, झोपेची, सगळी. काउंटरवर ओता आणि विचारा, "याची बेरीज किती होते?" तो गोंधळला तर गोंधळू दे. आत्याबाई वर्षभर गोंधळल्या होत्याच की.