गोवा मुक्त झाला हे योग्यच. पण ते स्वसंरक्षण नव्हते

संपादक महोदय,

गोवा मुक्तिदिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सत्याग्रहींच्या आठवणी त्यात फार चांगल्या आल्या आहेत. माझा आक्षेप त्यातल्या एकाच विधानाला आहे. डिसेंबर 1961 ची लष्करी कारवाई ‘संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील स्वसंरक्षणाच्या हक्कानुसार’ झाली, असे लेखक सहज लिहून जातात. मी आयुष्यभर कायदा शिकवला, त्यामुळे हे वाक्य मला सोडवेना. कारवाई समर्थनीय होती, असे मीही मानतो, पण या कारणासाठी नव्हे.

सनदेच्या कलम 2(4) नुसार कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाच्या भूप्रदेशाविरुद्ध बळ वापरायचे नाही, बळाची धमकीसुद्धा द्यायची नाही. या बंदीतून बाहेर पडायच्या सनदेतच लिहिलेल्या वाटा दोन: सुरक्षा परिषदेची परवानगी किंवा कलम 51 खालचे स्वसंरक्षण. परवानगी भारताने मागितलीच नव्हती. राहिले कलम 51. ते लागू होते सशस्त्र हल्ला झाला तर. आणि प्रत्युत्तरही हल्ला परतवण्यापुरतेच असावे लागते.

आता घटना पाहू. नोव्हेंबर 1961 मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला. पुढे काही दिवसांतच मासेमारीच्या होडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक कोळी मेला. हे निंद्य होते, बेकायदा होते. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा खटल्यात 1986 साली फरक केला आहे, तो इथे नेमका लागू पडतो. बळाचा प्रत्येक वापर म्हणजे ‘सशस्त्र हल्ला’ नव्हे. सीमेवरची चकमक आणि हल्ला यांत व्याप्तीचा आणि परिणामांचा फरक असतो. क्षणभर अंजदीवचा गोळीबार हल्लाच होता असे धरू. तरी स्वसंरक्षणाच्या नावाखाली फार तर अंजदीववरच्या बंदुका बंद पाडता आल्या असत्या. तीन आठवड्यांनी गोवा, दमण आणि दीव ही तिन्ही ठिकाणे घेऊन कायमची देशात सामील करणे त्यात बसत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही असा आव आणलेला नाही. पोर्तुगीज नागरिकत्व टिकवू पाहणाऱ्या एका धर्मगुरूंच्या खटल्यात (1969) न्यायालयापुढे प्रश्न होता जिनिव्हा करारातल्या लष्करी ताब्याचा. न्यायालयाने गोव्याकडे सरळ सामिलीकरण म्हणून पाहिले आणि सामिलीकरण झाल्यावर ताबा संपतो, असे ठरवले.

मग भारताची बाजू काय होती? 18 डिसेंबर 1961 ला पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषद बसली, तेव्हा आपले प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी मुख्य भर दिला तो वसाहतवादावर. गोव्याची सीमा ही दोन देशांमधली कायदेशीर सीमाच नाही, पोर्तुगालने 1510 मध्ये बळाने घेतलेला तो भारताचाच भाग आहे, म्हणून आक्रमणाचा प्रश्न उद्भवत नाही, असे ते म्हणाले. सनद किंवा परिषद काहीही म्हणो, हे आमचे मूलभूत तत्त्व आहे, अशा आशयाचेही ते बोलून गेले. आपल्याला ते ऐकायला आवडते; वकील म्हणून मला ते धाडसाचे वाटते.

त्या बाजूला आधार होता. डिसेंबर 1960 मध्ये आमसभेने वसाहती संपवण्याचा ठराव 1514 केला आणि लगेच दुसऱ्या ठरावात गोव्याला स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत नावानिशी टाकले. पोर्तुगालने 1951 मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. त्या युक्तीला हे उत्तर होते. पण वसाहत बेकायदा ठरली म्हणजे शेजाऱ्याला ती शस्त्राने घ्यायचा हक्क मिळतो, असे त्या ठरावात कुठेही नाही. ही मेख लोक विसरतात.

ती किती महत्त्वाची आहे ते पूर्व तिमोरमध्ये दिसले. तोही पोर्तुगालचाच प्रदेश, तोही मोठ्या शेजाऱ्याला लागून. डिसेंबर 1975 मध्ये इंडोनेशियाने तो घेतला. या वेळी सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव 384 करून सैन्य मागे घ्यायला सांगितले. इंडोनेशियाने ऐकले नाही, ही गोष्ट वेगळी. 1999 मध्ये तिथल्या जनतेला विचारले गेले, तेव्हा तिने इंडोनेशिया नाकारला आणि 2002 मध्ये देश स्वतंत्र झाला. वसाहत हटवण्यासाठी आलेला शेजारी स्वतःच नवा मालक होऊ शकतो, तो असा. गोव्यात असा विरोध उठला नाही आणि पोर्तुगालला परत आणा अशी चळवळ उभी राहिली नाही, हा खरा फरक. एक पुस्ती जोडतो: 1967 चा जनमत कौल हा त्याचा पुरावा म्हणून दिला जातो, तो चुकीचा आहे. त्या वेळी प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही एवढाच होता.

लेखात आणखी एक वाक्य आहे: ‘सुरक्षा परिषदेनेही कारवाई मान्य केली.’ असे घडले नाही. सैन्य मागे घ्या असे सांगणाऱ्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तानच्या मसुद्याला सात मते पडली. सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि सोव्हिएत संघ असे चौघे विरुद्ध गेले. तेव्हा परिषद अकरा सदस्यांची होती आणि सात मते पुरेशी होती. ठराव पडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकारामुळे. नकाराधिकाराने ठराव थांबतो, कृत्य कायदेशीर ठरत नाही. नकाराधिकार वापरला गेला तर प्रश्न आमसभेत न्यायची वाट 1950 पासून होती, पण पाश्चात्त्य देशांनी तो तिकडे नेला नाही. आदल्या वर्षीच सतरा नवे सदस्य आले होते, बहुतेक आफ्रिकेतले. तिथे पोर्तुगालची बाजू कोण घेणार होते? नाटोचाही पोर्तुगालला उपयोग झाला नाही, कारण त्या कराराचे सामूहिक संरक्षण युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरते. मांडवीपर्यंत ते पोचत नाही.

कायदेशीर गाठ पुढे सुटली ती वेगळ्याच तऱ्हेने. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पोर्तुगालने दिल्लीत करार करून या प्रदेशांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. हक्क सांगणाऱ्यानेच तो सोडल्यावर वाद उरत नाही. गोव्यासाठी आपल्याला कलम 51 ताणायची गरजच नाही.

ते ताणू नये, असे मी म्हणतो याचे कारण आजचे आहे. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवले आणि त्याच दिवशी कलम 51 चा हवाला दिला. सोबत शतकांच्या इतिहासाची कैफियतही होती. दुसऱ्या दिवशी सुरक्षा परिषदेत अकरा मते त्याविरुद्ध पडली आणि रशियाने स्वतःच नकाराधिकार वापरला. भारत तटस्थ राहिला. त्या निर्णयावर मतभेद असू शकतात. पण तवांगपासून अरुणाचलवर जुन्या नकाशांच्या आधारे दावा सांगणारा शेजारी आपल्याच उत्तर सीमेवर बसला आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीचा अन्याय हा आजचा सशस्त्र हल्ला मानता येतो, असे आपण गोव्याच्या निमित्ताने शिकवू लागलो, तर तो उद्या तेच वाक्य उचलून आपल्यापुढे धरेल आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी