चप्पल चावलीच पाहिजे असे नाही

कोल्हापुरी चप्पल घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘पहिले पंधरा दिवस चावणार, मग बघा कशी लोण्यासारखी मऊ होते.’ दुकानदार तो हसत देतो, घरातले वडीलधारे तो अनुभवाने देतात. त्यामुळे अंगठ्याच्या बेचक्यात आलेला फोड म्हणजे चप्पल अस्सल असल्याची पावतीच समजली जाते. हा समज सोडून द्यायला हवा. नवे चामडे कडक असते आणि ते पायाला बसायला वेळ घेते, हे खरे आहे. पण फोड हा त्या बसण्याचा टप्पा नाही. जोड चुकीचा निवडला किंवा घाई केली, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट माणसाला ही चूक चार दिवसांच्या लंगडण्यावर भागते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्याला मात्र ती फार महागात पडू शकते.

फोड नेमका कसा येतो, हे आधी समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. चामडे त्वचेला वरून सोलते म्हणून फोड येतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पट्टा त्वचेचा वरचा पृष्ठभाग धरून ठेवतो आणि आतले हाड प्रत्येक पावलागणिक पुढेमागे सरकते. मधल्या थरांना ताण बसतो. हाच ताण शेकडो वेळा पडला की त्वचेच्या बाह्य थराच्या आत फट पडते आणि तिच्यात पाणी भरते. घामाने ओलसर झालेली त्वचा पट्ट्याला जास्त चिकटते, म्हणून उन्हाळ्यात फोड लवकर येतो. म्हणजे प्रश्न फक्त चामड्याच्या कडकपणाचा नाही. पाय चपलेत किती सरकतो, त्वचा किती ओली आहे आणि एका दमात किती पावले टाकली, या तीन गोष्टींवर सारे ठरते. पहिली गोष्ट दुकानातच ठरते.

दुकानात बहुतेकांची नजर आधी वेणीवर, गोंड्यावर आणि रंगावर जाते. ती आधी तळाकडे जायला हवी. पारंपरिक कोल्हापुरीचा तळ म्हशीच्या जाड चामड्याचा असतो आणि ते हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले असते. असे चामडे कापलेल्या कडेला आरपार तपकिरी दिसते आणि त्यात तंतू दिसतात. कडेच्या मधोमध निळसर-राखाडी पट्टा दिसला, तर ते बहुधा क्रोमने कमावलेले असते. थरांमध्ये कागदासारख्या सपाट पापुद्र्यांची चळत दिसली किंवा नख दाबल्यावर खोलगट वण राहिला, तर आत पुठ्ठा भरला आहे असे समजावे. पहिल्या पावसात तो फुगतो आणि तळ वेडावाकडा होतो.

जाडीबाबत ‘जितका जाड तळ तितकी चांगली चप्पल’ हा हिशेब चुकीचा आहे. चालताना पाऊल बोटांच्या मुळाशी वाकते. तळ तिथे वाकला नाही, तर टाच उचलताना सगळा ओढा अंगठ्यावर आणि पट्ट्यावर येतो आणि फोडही तिथेच येतात. रोजच्या चालण्यासाठी पुढच्या भागात दोन थर मिळून साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडी पुरेशी असते; टाचेखाली आणखी एक थर असावा. तळ ५ मिलिमीटरच्या आत असेल तर खडा टोचतो आणि तापलेला डांबरी रस्ता जाणवतो. मोजपट्टीपेक्षा हाताची परीक्षा अधिक उपयोगाची : टाच एका हातात, पुढचे टोक दुसऱ्या हातात धरून चप्पल हळू वाकवावी. ती बोटांच्या मुळाशी, थोडा जोर लावल्यावर, सलग वाकली पाहिजे. अजिबात वाकत नसेल तर ती लांब चालण्यासाठी नव्हे. मधोमध, तळव्याच्या कमानीखाली, दुमडत असेल तर तळ कमकुवत आहे.

चप्पल वाकवलेली असतानाच शिवण पाहावी. जुन्या पद्धतीत खिळा वापरत नाहीत. आरीने भोक पाडून चामड्याच्या बारीक वादीने थर शिवतात. टाके सारख्या अंतरावर असावेत आणि कडेपासून निदान ४-५ मिलिमीटर आत असावेत. अगदी कडेला घेतलेला टाका चामडे फाडून बाहेर येतो. फार जवळजवळ घेतलेले टाके दिसायला सुबक असले तरी तिकिटाच्या भोकांसारखी रांग तयार करतात आणि चामडे नेमके त्या रेषेत तुटते. वाकवल्यावर दोन थर एकमेकांपासून सुटून फट दिसली, तर शिवण दिखाऊ आहे आणि सारा भार गोंदावर आहे. त्यानंतर दोन्ही बाजूंचे कान, म्हणजे पट्ट्याला तळाशी जोडणारे चामड्याचे तुकडे, बोटात धरून ओढावेत. ते दोन थरांच्या मधून आलेले आणि टाक्यात पकडलेले असले पाहिजेत. शेवटी पाय जिथे टेकतो आणि पट्टा जिथे लागतो तिथे आतून अंगठा फिरवावा. गाठ, वादीचे टोक किंवा धारदार कड बोटाला लागली, तर ती पायालाही लागणारच. ती तिथेच कारागिराकडून ठोकून किंवा छाटून घ्यावी.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. पण मानांकन चप्पल कुठली आणि कोणत्या पद्धतीची एवढे सांगते. ती आपल्या पायाची आहे का, हे सांगत नाही. करकर वाजणे हीसुद्धा दर्जाची खूण नव्हे.

आता मापाचे. पुण्याहून कोल्हापूरला गेलेल्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. सकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन ते लगेच शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनमध्ये शिरतात. पट्टा थोडा आवळतो आहे. ‘सैल होईल’ म्हणून ते तोच जोड घेतात आणि तीन आठवड्यांनी भाचीच्या लग्नात पहिल्यांदा घालतात. वरातीत फोड ठरलेलाच. खरेदीतच दोन चुका झाल्या. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून चप्पल सकाळी नव्हे, संध्याकाळी घ्यावी. शिवाय चामड्याचा पट्टा ताणतो, पण तळाची लांबी वाढत नाही. दोन्ही पायांत घालून उभे राहिल्यावर टाच मागे लोंबता कामा नये आणि बोटांपुढे निदान अर्धा सेंटिमीटर तळ उरला पाहिजे. पट्टा पावलाला सर्वत्र टेकलेला असावा, पण हाडावर रुतू नये. अंगठ्याच्या कडीत अंगठा मुळापर्यंत जावा. ‘नीट बसतो’ आणि ‘दुखतो’ यांतला फरक दुकानात दहा पावले चालल्यावर कळतो. दुखणारा जोड परत ठेवावा. सैल जोडही तितकाच वाईट, कारण पाय सरकतो आणि चप्पल धरून ठेवायला बोटे आखडून घ्यावी लागतात.

याच गृहस्थांनी योग्य मापाचा जोड घेतला असता, तर मधले तीन आठवडे पुरेसे होते. पहिल्या संध्याकाळी पट्टा, कान आणि कडी यांना आतल्या बाजूने एरंडेलाचे किंवा खोबरेलाचे चार-पाच थेंब कापडाने चोळून रात्रभर मुरू द्यायचे. तेलात बुडवायचे नाही. जास्त तेलाने तंतू सैल पडतात आणि पट्टा कायमचा ढिला होतो. रात्रभर पाण्यात भिजवून उन्हात वाळवण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो तर टाळावाच. वाळताना असे चामडे आकसते, कडक होते आणि तडकते. त्यानंतर तीन दिवस, कोरड्या पायांनी, घरातल्या घरात २० मिनिटे चालायचे. पायाची ऊब आणि किंचित घाम यांनीच चामडे नरम होऊन पायाचा आकार घेते. पुढचे चार दिवस ४० मिनिटे, मग आठवडाभर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचे. तिसऱ्या आठवड्यात एक-दोन तास चालून पाहायचे. लग्नाच्या दिवशीही दुसरा, जुना जोड पिशवीत असावा.

या काळात एकच खूण लक्षात ठेवायची : एखादी जागा लाल आणि गरम लागली की त्या दिवसापुरते थांबायचे. ती फोडाच्या आधीची अवस्था असते. दुसऱ्या दिवशी त्या जागी औषधाच्या दुकानात मिळणारी साधी कागदी टेप त्वचेवर सपाट लावावी. लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या चाचणीत अशा टेपमुळे फोड कमी आल्याचे दिसले आहे. व्हॅसलीन सुरुवातीला घर्षण कमी करते. पण काही वेळाने त्वचा मऊ पडून घर्षण उलट वाढते, म्हणून लांब चालताना त्यावर विसंबू नये. तीच जागा तीन-चार वेळा लाल होत असेल, तर दोष चपलेत आहे. कारागिराकडे नेऊन तेवढाच भाग ताणून घ्यावा. तरीही फरक पडला नाही, तर तो जोड त्या पायाचा नाही. फोड आलाच, तर त्याची कातडी सोलू नये. ती खालच्या जखमेचे झाकण असते. साबण-पाण्याने धुऊन कोरडी पट्टी लावावी आणि बरे होईपर्यंत ती चप्पल बाजूला ठेवावी.

हे सगळे गणित एका गोष्टीवर उभे आहे : पायाला दुखणे कळले पाहिजे. अनेक वर्षांच्या मधुमेहाने पायांच्या नसा निकामी झालेल्या माणसाला लाल, गरम जागा जाणवतच नाही. तो फोडावर चालत राहतो. रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम भरत नाही आणि तिच्यात जंतुसंसर्ग होतो. पाय किंवा बोट कापावे लागण्याची सुरुवात अनेकदा अशाच किरकोळ जखमेने होते. म्हणून मधुमेह असलेल्याने चप्पल घेण्याआधी डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते. संवेदना कमी असेल, तर अंगठ्यात कडी असलेली कोणतीही उघडी चप्पल त्यांच्यासाठी योग्य नाही, मग ती कितीही उत्तम कारागिराची असो. ‘होईल हळूहळू मऊ’ हा सल्ला घरच्यांनी त्यांना तरी देऊ नये.

बाकीच्यांनी दुकानातून बाहेर पडण्याआधी दहा पावले चालून पाहावे. तिथे जी चप्पल चावते, ती वरातीतही चावणारच.