न्यायालयातील दुभाषी आणि अनुवादाचे प्रमाणपत्र



अनुवादाचे घटक अभ्यासताना तुमच्यापैकी काहींच्या मनात एक व्यावहारिक प्रश्न येत असेल. घरी कोलामी, गोंडी, बंजारा किंवा तेलुगू बोलली जाते, शिक्षण मराठीतून झाले आहे, उद्या अनुवादाची पदविकाही हाती येईल. मग न्यायालयात दुभाषी म्हणून काम करता येईल का? यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न स्वाभाविक आहे. पदविका उपयोगी आहे. परंतु ती ज्या कौशल्याची परीक्षा घेते, तेच कौशल्य साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी घातक ठरू शकते, असे माझे मत आहे.

अनुवादाच्या परीक्षेत तुमच्यासमोर लिखित उतारा असतो, हाताशी वेळ असतो आणि बहुधा शब्दकोशही असतो. मूळ वाक्य विस्कळीत असेल तर ते नीट लावणे, संदिग्ध शब्दाचा संदर्भावरून अर्थ ठरवणे, लक्ष्यभाषेत ओघ आणणे, यांसाठी तेथे गुण मिळतात. न्यायालयातील दुभाष्याला मात्र विस्कळीत वाक्य विस्कळीतच ठेवावे लागते. साक्षीदार अडखळला, बोलताना स्वतःची चूक सुधारली, तर ते अडखळणे आणि ती सुधारणा हाही पुराव्याचाच भाग असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धुऱ्याच्या वादातून एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला आहे. पोडावरील एक कोलाम स्त्री साक्ष देत आहे. तिच्या कोलामी बोलण्याचा शब्दशः मराठी आशय असा : “दिवस बुडत होता. त्यानं कुऱ्हाडीनं मारलं. मी पाहिलं... नाही, आधी आवाज ऐकला, मग पाहिलं.” चांगली पदविका मिळवलेला, परंतु न्यायालयाचा अनुभव नसलेला दुभाषी सांगतो : “सायंकाळी सातच्या सुमारास आरोपीने मृतावर कुऱ्हाडीने वार केला, तो साक्षीदाराने पाहिला.”

मराठी म्हणून हे वाक्य निर्दोष आहे. साक्ष म्हणून त्यात पाच दोष आहेत. ‘दिवस बुडत होता’ याचे ‘सात’ झाले. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे उलटतपासणीत ही स्त्री न बोललेल्या वेळेवरून खोटी ठरू शकते. ‘त्यानं’ याचा ‘आरोपीने’ झाला. मारणारा तो हाच, हे तर अभियोग पक्षाला सिद्ध करायचे होते. ‘मारलं’ याचा ‘वार केला’ झाला. कुऱ्हाडीचे पाते लागले की मागची बोथट बाजू, हे वैद्यकीय अहवालाशी ताडून पाहायचे असते, आणि ‘वार’ म्हटले की पातेच डोळ्यांसमोर येते. चौथा दोष सर्वांत गंभीर आहे. आधी आवाज आणि नंतर दृश्य, ही तिने केलेली दुरुस्ती गाळली गेली. तिने पहिला घाव पाहिलाच नव्हता, ही शक्यता त्या दुरुस्तीत होती. पाचवा दोष असा की, तिचे ‘मी’ जाऊन ‘साक्षीदाराने’ आले. दुभाष्याने प्रथमपुरुषातच बोलावे, म्हणजे नोंद साक्षीदाराची राहते.

मग संदिग्ध शब्द आला तर काय करावे? दुभाष्याने स्वतःच्या मनाने अर्थ ठरवू नये आणि साक्षीदाराशी परस्पर बोलणेही सुरू करू नये. “या शब्दाचे दोन अर्थ होतात, खुलासा विचारण्याची परवानगी असावी,” असे त्याने न्यायाधीशांना सांगावे. हे एक वाक्य उच्चारण्याचे धैर्य लेखी परीक्षेत तपासले जात नाही.

आता या नोंदीचा पुढचा प्रवास पाहा. महाराष्ट्रातील जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांची भाषा सामान्यतः मराठी आहे. साक्षीदार अन्य भाषेत बोलला आणि त्या भाषेत साक्ष लिहून घेणे शक्य नसेल, तर साक्ष चालू असतानाच तिचा न्यायालयाच्या भाषेत खरा अनुवाद तयार करावा, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१२ सांगते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीतील एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, त्या वेळच्या संहितेतील याच तरतुदीच्या आधारे, साक्ष केवळ इंग्रजी अनुवादाच्या रूपात नोंदवणे नियमाला धरून नाही, असे स्पष्ट केले. मात्र कोलामी लिहून घेणारे कोणी नसेल, तर मूळ शब्द हवेत विरतात आणि दुभाष्याची मराठी हीच साक्ष होते. अपील नागपूर खंडपीठात गेले की त्या मराठीचे इंग्रजी होते. ‘मारलं’ म्हणजे मारहाण की ठार मारणे, याचा निर्णय तेथे दुसरा अनुवादक करतो, आणि तोवर ती स्त्री समोर नसते.

म्हणूनच कायदा दुभाष्यालाही शपथ घ्यायला लावतो. शपथ अधिनियम, १९६९ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र नमुना आहे. शपथ घेऊन जाणूनबुजून चुकीचे भाषांतर करणे हा खोटा पुरावा देण्याचाच प्रकार मानला जातो, आणि न्यायिक कार्यवाहीत त्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. परंतु दुभाष्याची पात्रता काय असावी, याविषयी संहिता मौन पाळते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखालील २०२० च्या नियमांत मात्र पात्रता सांगितली आहे. बालकाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोन्हींची कामचलाऊ ओळख हवी. ती मातृभाषा म्हणून, शाळेतील माध्यम म्हणून किंवा त्या भागात राहून आलेली असली तरी चालते. अशा दुभाष्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते. तुमच्यापैकी कोणाला हे काम करायचे असेल, तर पहिली चौकशी तेथे करावी.

कोलामीसारख्या भाषेची प्रमाणित परीक्षा घेणार कोण, आणि प्रमाणपत्राचा आग्रह धरला तर दुभाषीच मिळणार नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर संघीय न्यायालयांसाठी दुभाष्यांची तोंडी परीक्षा सुरू झाली, पण आज ती केवळ स्पॅनिशसाठी घेतली जाते. म्हणून मी परीक्षेचे दोन भाग सुचवतो. शपथेचा अर्थ, प्रथमपुरुषी निवेदन, स्मरण, आणि मराठी जबाब पाहताक्षणी दुसऱ्या भाषेत वाचून दाखवणे, हा भाग सर्व भाषांना समान असावा. भाषेची जाण मात्र त्या समाजातील जाणत्या वक्त्यांनी तपासावी. याने आणखी एक चूक टळेल. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविडी भाषा असल्या, तरी एक बोलणाऱ्याला दुसरी आपोआप कळत नाही. ‘आदिवासी भाषा येते’ एवढ्यावर गोंडी भाषकाला कोलाम साक्षीदाराजवळ उभे करणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे.

स्वतःची पारख घरीच करता येईल. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत पाहिलेल्या एखाद्या भांडणाविषयी दोन मिनिटे बोलायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. दर दोन-तीन वाक्यांनंतर तिला थांबवून तेच मराठीत, ‘मी’ म्हणून सांगा. नंतर मुद्रण ऐका आणि तुम्ही जोडलेल्या, गाळलेल्या व नीटनेटक्या केलेल्या जागा मोजा. बहुतेकांना गाळलेल्या शब्दांपेक्षा सुधारलेली वाक्ये अधिक सापडतील. पदविकेने दिलेली ती सवय मोडता आली, तरच न्यायालयाच्या दारात जावे.