आरोग्य-चर्चा : गजकर्णाची गोळी आणि वेष्टनावरील इशारा

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या मामंजींचें वय सहासष्ट. कमरेस गजकर्ण पसरलेलें आणि पायाच्या अंगठ्याचें नख पिवळें व जाड झालेलें. डॉक्टरांनीं इट्राकोनाझोल नांवाच्या १०० मिलिग्रॅमच्या कॅपसूल सकाळ-संध्याकाळ दिल्या. पाकिटांतील कागद भगिनींनीं चष्मा लावून वाचला, तेव्हां त्यांत यकृताविषयीं इशारा आणि बरोबर घेऊं नयेत अशा औषधांची लांबलचक यादी. "रोग कातडीचा, मग यकृताचा संबंध काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न मार्मिक आहे, आणि पत्रांतील पुढची हकीगत त्याहूनही बोधप्रद आहे.

प्रथम बुरशीविषयीं. खोकल्याचे किंवा विषमज्वराचे जंतु आपल्या शरीराहून इतके निराळे असतात, कीं त्यांना मारून आपणांस धक्का लागणार नाहीं असें औषध सांपडणें त्या मानानें सोपें. बुरशी मात्र जीवसृष्टींत आपली बरीच जवळची नातलग आहे. तिच्या पेशीभोंवतीचें आवरण अर्गोस्टेरॉल या पदार्थानें बळकट झालेलें असतें. आपल्या पेशींत त्याच जागीं कोलेस्टेरॉल असतें. अर्गोस्टेरॉल तयार करणारें बुरशीचें एक विकर आहे, त्याच्या गाभ्यांत लोहाचा एक अणु असतो. इट्राकोनाझोल नेमकें त्या लोहास जाऊन चिकटतें. विकर बंद पडतें आणि बुरशीची वाढ खुंटते.

आतां अडचण अशी, कीं आपल्या यकृतांत त्याच कुळांतील विकरें आहेत. त्यांच्याही गाभ्यांत लोहच. या कुळाला सायटोक्रोम पी-४५० म्हणतात. पोटांत गेलेल्या औषधांची मोडतोड करून त्यांना शरीराबाहेर काढण्याचें काम तीं करतात. बुरशीसाठीं घेतलेली गोळी या घरच्या कामकऱ्यांपैकीं एकाचेही हात बांधून ठेवते, आणि नेमका हा कामकरी सर्वांत मोठा, म्हणजे ज्याला सीवायपी-३ए-४ म्हणतात तो. मग त्यानें निपटावयाचीं दुसरीं औषधें रक्तांत सांचत जातात. कागदावरील ती लांब यादी बहुतांशीं त्याच औषधांची आहे.

मामंजींचें असेंच झालें. हृदयासाठीं ते ॲटोर्व्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी रोज घेत, आणि आंबटपणासाठीं सकाळीं उपाशीपोटीं पँटोप्रॅझोल. गजकर्णाच्या डॉक्टरांस या दोन गोळ्यांची वार्ता नव्हती; हृदयाच्या डॉक्टरांस गजकर्णाची नव्हती. पहिले पंधरा दिवस गजकर्ण तसूभरही हटलें नाहीं. यांत नवल नव्हतें, कारण इट्राकोनाझोलची कॅपसूल विरघळण्यास पोटांतील आम्ल लागतें, आणि पँटोप्रॅझोल तें आम्लच कमी करतें. औषध पोटांत पडत होतें, रक्तांत फारसें पोंचत नव्हतें. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनीं हें ओळखलें व आंबटपणाची गोळी बंद करून कॅपसूल भरल्या जेवणानंतर घेण्यास सांगितलें. तें अर्ध्यापुरतें बरोबर होतें. गजकर्ण सुकूं लागलें. पण दहा-बारा दिवसांत मामंजींच्या मांड्या इतक्या ठणकूं लागल्या, कीं माडीचा जिना चढवेना.

आधीं औषध आंत जातच नव्हतें, म्हणून विकरही बांधलें जात नव्हतें. तें आंत जाऊं लागतांच ॲटोर्व्हास्टॅटिनचा निचरा तुंबला. इट्राकोनाझोलच्या संगतीनें ॲटोर्व्हास्टॅटिनचें रक्तांतील प्रमाण सुमारें तिप्पट होतें. सिम्व्हास्टॅटिन असतें तर वाढ याहून कितीतरी अधिक, म्हणूनच ती जोडी पूर्णपणें निषिद्ध आहे. हीं औषधें फार सांचलीं कीं स्नायूंचे तंतु झिजूं लागतात.

घरांत सर्वांना वाटलें, यकृतच बिघडलें. रक्त तपासलें तर यकृताच्या तपासणींतील एसजीओटी हा आंकडा खरोखरच वाढलेला निघाला, आणि घरीं घबराट झाली. परंतु एसजीओटी यकृतांत असतें तसें स्नायूंतही असतें. स्नायूंची खूण सांगणारा सीपीके हा आंकडा कित्येक पटींनीं चढलेला होता, आणि बिलिरुबिन मात्र अगदीं ठीक. दुखणें मांड्यांचेंच होतें. अशा वेळीं लघवी चहासारखी काळसर होते काय, हें पाहणें फार महत्त्वाचें. तशी झाली तर स्नायूंचा कचरा मूत्रपिंडांत अडकतो आहे असें समजून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मामंजींस तसें झालें नाहीं. दोन्ही औषधें थांबविलीं आणि दोन-तीन आठवड्यांत ते पूर्ववत् जिना चढूं लागले. इतका वेळ लागण्याचें एक कारण असें, कीं इट्राकोनाझोल बंद केल्यावरही रक्तांतून जाण्यास त्यास एक-दोन आठवडे लागतात. पुढें हृदयाच्या डॉक्टरांनीं रोसुव्हास्टॅटिन दिलें, जें या विकरावर फारसें अवलंबून नाहीं, आणि मग गजकर्णाचा उपचार पुन्हां सुरू झाला. हृदयाची गोळी आपल्या मनानें बंद करणें हा मात्र याहून मोठा धोका आहे, हें सांगून ठेवतों.

मग खरा यकृताचा इशारा कशासाठीं? आंतड्यांतून शोषलेलें औषध प्रथम यकृतांतच जातें, आणि विरळ माणसाच्या यकृतास तें सोसत नाहीं. कोणास सोसणार नाहीं, हें आधीं सांगतां येत नाहीं. केटोकोनाझोल या जुन्या गोळीनें असे आघात इतके केले, कीं २०१३ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं तिचा पोटांतून वापर कातडी व नखांसाठीं करूं नये असें ठरविलें. त्याच औषधाच्या केस धुण्याच्या शांपूचा मात्र या भीतीशीं संबंध नाहीं, कारण तो रक्तांत जवळजवळ जातच नाहीं. नखांसाठीं आज मुख्यतः दिली जाणारी टर्बिनाफिनची गोळी पन्नास हजारांत एखाद्याच्या, किंवा त्याहूनही विरळ, यकृतास गंभीर इजा करते. ही इजा बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत दिसते. आरंभीं रक्त तपासून घेणें योग्यच. पण त्याहून भरंवशाचा पहारा म्हणजे अन्नावरची वासना उडणें, मळमळ, अंगास खाज, गडद लघवी, फिकट शौच. यांतील कांहींही दिसलें तर पुढची गोळी न घेतां डॉक्टरांकडे जावें. इट्राकोनाझोलविषयीं आणखी एक गोष्ट : ज्यांचें हृदय दुर्बळ होऊन पाय सुजतात, त्यांना तें नखासाठीं मुळींच देत नाहींत.

भगिनींचा शेवटचा प्रश्न नखाविषयीं आहे. गोळ्या सुरू करण्यापूर्वीं नखाचा तुकडा व खालचा भुगा तपासून घ्यावा. बिघडलेल्या नखांपैकीं सुमारें निम्म्यांत बुरशी नसतेच. जुना मार किंवा सोरायसिस असतो, आणि अशा माणसानें व्यर्थच यकृतास भार दिलेला असतो. बुरशी ठरलीच तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पायाच्या नखासाठीं बारा आठवडे. ही गोळी यकृतांतील दुसऱ्याच विकरास अडवते. तेव्हां ॲमिट्रिप्टिलीन किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. बारा आठवड्यांनीं नख स्वच्छ दिसणार नाहीं, म्हणून गोळ्या वाढवूं नयेत. पायाचें नख महिन्यास एक-दीड मिलिमीटरच वाढतें. तें पूर्ण बदलण्यास वर्ष-दीड वर्ष जातें. निरोगी व रोगट भागांच्या सीमेवर कानशीनें एक बारीक रेघ ओढून ठेवावी. ती महिन्यागणिक पुढें सरकत राहिली आणि पिवळेपणा तिला ओलांडून मुळाकडे आला नाहीं, तर औषध लागूं पडलें असें समजावें.