लग्नाचे बुकिंग आणि पावतीवरची ओळ

चातुर्मास संपला की पालघर, बोईसर आणि तारापूरच्या घरांतून मुहूर्तांची बोलणी सुरू होतात. चांगला केटरर आणि चांगला छायाचित्रकार हातचा जाऊ नये म्हणून रक्कम आधी दिली जाते आणि पावती नंतर वाचली जाते. तिच्यावर पुष्कळदा एक ओळ छापलेली असते, ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.’ पेढीवर इसार आणि आगाऊ रक्कम यांतील भेद काटेकोरपणे पाळणारी मंडळीही घरच्या कार्यात ही ओळ अखेरची समजतात. कायदा मात्र तसे समजत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, बोईसरच्या एका कुटुंबाने प्रत्येकी ५०० रुपयांप्रमाणे ६०० ताटे ठरवली. एकूण रक्कम ३ लाख, त्यांपैकी १ लाख २० हजार आगाऊ दिले. मुहूर्ताला ४५ दिवस असताना घरात दुःखद घटना घडली आणि लग्न रद्द करावे लागले. तोवर केटररने किराणा भरलेला नव्हता. कारागिरांना १५ हजार रुपये मात्र दिले होते. पुढे तीच तारीख त्याने दुसऱ्या कार्याला दिली. अशा वेळी त्याचे खरे नुकसान १५ हजारांच्या आसपास आहे, १ लाख २० हजारांचे नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती केवळ वरची मर्यादा ठरते. मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई. रक्कम जप्त करायची तर नुकसान झालेले असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केले. व्यवहार पक्का करण्यासाठी इसार म्हणून दिलेली माफक रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून पावतीवर ‘इसार’ किती आणि ‘बिलापोटी आगाऊ’ किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे.

न्यायाची दुसरी बाजूही आहे. तीन दिवस आधी कार्य रद्द झाले, तर किराणा, दूध, मावा आणि कारागीर यांचा खर्च होऊन गेलेला असतो. तो कुटुंबानेच सोसला पाहिजे. म्हणून करारात पायऱ्या असाव्यात. उदाहरणार्थ, ४५ किंवा अधिक दिवस आधी कळविल्यास आगाऊ रकमेच्या १० टक्के कपात, १५ ते ४४ दिवसांत २५ टक्के, आणि त्यानंतर प्रत्यक्ष खर्च बिले दाखवून. उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळेल तेही लिहावे. तारीख पुढे ढकलणे म्हणजे रद्द करणे नव्हे, हे वाक्यही त्यात असावे.

बदली माणसाचा प्रश्न याहून नाजूक असतो. चव पाहून केटरर ठरवावा आणि त्या दिवशी भलतीच तुकडी यावी, ज्यांना कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे किंवा सूर्यास्तापूर्वी पंगत उठली पाहिजे याचे भानच नाही, तर ते नुकसान पैशांनी भरून येत नाही. म्हणून कंदमूळ वर्ज्य, वेगळी भांडी आणि वाढण्याची वेळ या गोष्टी मेन्यूच्या खाली नव्हे, तर कराराच्या अटींत लिहाव्यात. छायाचित्रकाराच्या बाबतीत कलम ४० उपयोगी पडते. ज्या कामात व्यक्तीचे कौशल्य पाहून करार होतो, ते काम तिनेच करायचे असते. कायद्याने स्वतःच उदाहरण दिले आहे ते चित्रकाराचे. म्हणून प्रत्यक्ष कॅमेरा कोण धरणार त्याचे नाव, आणि लेखी संमतीवाचून बदली आल्यास किती रक्कम परत, हे नमूद करावे. ग्राहकाच्या संमतीविना त्याला बाधेल अशा रीतीने करार दुसऱ्याकडे सोपविण्याची मुभा देणारी अट ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अनुचित मानतो.

वाद झालाच, तर केटरर मुंबईचा असो वा वापीचा, या कायद्याने कुटुंबाला आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र करारातील अटच अनुचित ठरवून घ्यायची असेल, तर तक्रार राज्य आयोगाकडे न्यावी लागते. व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. पावती पेढीच्या नावे घेऊ नये आणि रक्कम पेढीच्या खात्यातून देऊ नये. अन्यथा हा व्यवहार व्यापारी हेतूचा होता, असा बचाव समोरच्याला आयता मिळतो. पावती घरातील व्यक्तीच्या नावे असावी, रक्कम तिच्याच खात्यातून जावी, आणि रद्द केल्याची सूचना फोनवर दिली तरी त्याच दिवशी लेखीही पाठवावी. दिवसांची मोजणी त्या लेखी सूचनेपासून होईल, हेही करारातच लिहून घेतलेले बरे.