घरचा हिशेब : दिवाळी सरकली, गल्ला कुठे गेला?

लहान दुकान चालवणाऱ्या अनेक घरांत मागच्या वर्षीची वही उघडून या वर्षीचा अंदाज बांधतात. मागच्या ऑक्टोबरात इतके आले, म्हणजे याही ऑक्टोबरात तेवढे येतील, असे धरून चालतात. गावचा धंदा सणांवर चालत असेल, तर ही रीत फसते. सण इंग्रजी महिन्याला बांधलेले नसतात. या महिन्यात आम्ही एवढीच एक गोष्ट नीट मांडणार आहोत.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल घ्या. आजूबाजूच्या आदिवासी पाड्यांची ही बाजारपेठ आहे. भात, नागली, वरई ही इथली पिके. पावसाळ्यात लावणी उरकली की घरातले धान्य आणि पैसा दोन्ही आटत जातात. भात निघाल्यावर अनेक कुटुंबे नाशिक-दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जातात आणि होळीला घरी परततात. त्यामुळे बाजारात पैसा दिवाळीला आणि होळीला दिसतो, तर श्रावण-भाद्रपदात दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. तिथल्या मुस्लिम दुकानदाराला याशिवाय रमजान ईदचीही कमाई असते.

आता कॅलेंडर पाहा. २०२५ साली दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना आल्याने लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तब्बल अडीच आठवडे पुढे. ईदचे उलट आहे. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, म्हणून ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला झाली, २०२६ मध्ये २१ मार्चला. २०२७ मध्ये चंद्रदर्शनानुसार १० मार्चच्या सुमारास येईल, आणि होळी त्यानंतर, २२ मार्चच्या आसपास. २०२६ मध्ये मात्र होळी आधी झाली आणि ईद नंतर. शिलाई करणाऱ्याला हा क्रम माहीत असायलाच हवा, कारण कोणते काम आधी हातात घ्यायचे ते त्यावरच ठरते.

आता हिशेब करून पाहू. समजा, हरसूलला तयार कपड्यांचे आणि शिलाईचे एक छोटे दुकान आहे. १ जून २०२६ रोजी हातात ४०,००० रुपये रोख आहेत. भाडे, वीज, दोरा-बटणे आणि घरखर्च मिळून दरमहा १६,००० लागतात. घरखर्च याच यादीत धरायचा. तो बाहेर ठेवला की हिशेब कागदावर सुंदर दिसतो आणि गल्ला रिकामा होतो.

येणाऱ्या रकमेत फक्त हातात पडणारी रोकड लिहायची. जुलैत २०,०००चा माल गेला, पण त्यातले ६,००० उधारीच्या वहीत गेले, तर जुलैचे उत्पन्न १४,०००. ती उधारी भात निघाल्यावर येत असेल, तर ती त्या महिन्यात लिहायची, आणि मागच्या दोन-तीन वर्षांत जेवढी खरोखर परत आली तेवढीच.

अशा रीतीने सप्टेंबरपर्यंतचा तक्ता असा होतो :

जून : आले २६,०००, माल १४,०००, खर्च १६,०००, शिल्लक ३६,०००
जुलै : आले १४,०००, माल ३,०००, खर्च १६,०००, शिल्लक ३१,०००
ऑगस्ट : आले ११,०००, माल २,०००, खर्च १६,०००, शिल्लक २४,०००
सप्टेंबर : आले १६,०००, माल ६,०००, खर्च १६,०००, शिल्लक १८,०००

चार महिने शिल्लक घटत आली, पण पावसाळ्यात हे नेहमीचेच. खरा पेच ऑक्टोबरात आहे. दिवाळीसाठी ३०,०००चा माल भरायचा आहे. मागच्या ऑक्टोबरात ६२,००० आले होते. तोच आकडा उचलला, तर महिनाअखेर शिल्लक ३४,००० दिसते आणि जीव निवांत होतो. पण यंदा दिवाळीची खरी गर्दी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडेल. ऑक्टोबरात २४,००० आले असे धरले, तर १८,००० अधिक २४,०००, त्यातून माल आणि खर्चाचे ४६,००० वजा. म्हणजे ४,००० रुपये कमी पडतात. वर्षाची कमाई बुडालेली नाही, ती फक्त दोन-तीन आठवडे उशिरा येणार आहे. पण व्यापाऱ्याचे पैसे आणि भाडे त्याआधी द्यायचे आहेत.

म्हणून वहीत रोजच्या विक्रीपुढे महिन्याबरोबर सणाचीही खूण करावी : ‘दिवाळीआधी तिसरा आठवडा’, ‘दुसरा आठवडा’, ‘होळीचा बाजार’, ‘रमजानचा शेवटचा अशरा’. पुढच्या वर्षी हे आकडे उचलून त्या वर्षीच्या तारखांवर ठेवायचे. शाळेची खरेदी, भाडे, विजेचे बिल हे इंग्रजी महिन्यावर चालतात. ते जागचे हलवायचे नाहीत. जकातीचे वर्षही चांद्र असते. जे रमजानात जकात काढतात, त्यांची ती रक्कम ईदच्या मालाच्या खरेदीच्याच दिवसांत बाहेर पडते, तेव्हा तिची ओळ तक्त्यात आधीपासून असावी.

दुसरी पायरी म्हणजे वाईट अंदाज. सरासरी घेऊ नका. सरासरी काढली की चांगल्या वर्षाआड वाईट वर्ष लपते. मंद महिन्यांसाठी मागच्या तीन वर्षांतला सर्वांत कमी आकडा धरा. आपल्या उदाहरणात जुलै-ऑगस्टची २५,०००ची आवक पाचव्या हिश्शाने घटली, तर आणखी ५,००० जातात आणि ऑक्टोबरअखेरची तूट ९,००० होते. तयारी या ९,०००ची करायची.

ही तूट जूनमध्ये कळली, तर उपाय हातात असतात. दिवाळीचा माल दोन हप्त्यांत घेता येईल : १५,०००चा ऑक्टोबरच्या मध्यावर आणि १५,०००चा नोव्हेंबर लागताच, पहिल्या विक्रीच्या पैशातून. मग ऑक्टोबरअखेर ११,००० उरतात, वाईट अंदाजातही ६,०००. यालाही मर्यादा आहे. अर्ध्या मालात सगळी मापे बसत नाहीत आणि माप नाही म्हटले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. म्हणून पहिल्या हप्त्यात जास्त खपणारी मापेच आणावीत, बाकीची नंतर. ओळखीच्या व्यापाऱ्याशी मुदतीचे बोलणेही जूनमध्येच करावे. हीच तूट ऑक्टोबरच्या शेवटी कळली, तर घाईत सावकाराचा दरवाजा तेवढा उघडा दिसतो. ज्या घराला सूद टाळायचे आहे, त्याने ही तारीख आधीच शोधून ठेवावी.

शेवटी, तक्ता दर आठवड्याला ताडून पाहावा. एखादा आठवडा पावसाने बुडू शकतो. पण सलग दोन-तीन आठवडे आवक अंदाजापेक्षा कमीच येत असेल, तर अंदाज चुकला आहे. पुढचे आकडेही तेवढ्याने खाली आणावेत. दुसरी खूण घरातच दिसते. मालासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून किराणा येऊ लागला, तर तूट सुरू झाली आहे, कागदावर शिल्लक काहीही दिसत असो.

वहीची चार पाने आणि दोन कॅलेंडरे, एक इंग्रजी-मराठी आणि एक हिजरी, एवढे साहित्य पुरते. आधी येत्या सहा महिन्यांतले सण दोन्हींतून पाहून वहीत उतरवा, आणि मगच आकडे भरायला बसा.