दुखणारी मूळव्याध

मूळव्याध सहसा दुखत नाही. हे वाक्य वाचून ज्यांनी खुर्चीत जरा कूस बदलली असेल, त्यांच्यासाठीच हा लेख आहे. शौचाला बसल्यावर आतून काच कापत गेल्यासारखी कळ येते, काम उरकल्यावरही ती तास-दोन तास ठुसठुसत राहते, मळावर रक्ताची लाल रेघ उमटते किंवा धुताना हाताला रक्त लागतं. असं दुखणं घेऊन जो गृहस्थ ‘मला मूळव्याध झाली’ असं जाहीर करतो, त्याचा बहुतेक वेळा मूळव्याधीशी संबंध नसतो. त्याला फिशर असतं. गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला गेलेली, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची चीर.

पण चिरीला आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही. कमरेच्या खाली आणि पाठीच्या बाजूला जे काही होईल, ते मूळव्याध. गळू झालं, मूळव्याध. भगंदर झालं, मूळव्याध. नुसती खाज सुटली तरी मूळव्याध. निदान रुग्ण स्वतः करतो, दुजोरा शेजारचे काका देतात आणि शिक्कामोर्तब तो फलकवाला करतो, ज्याच्या फलकावर ‘मूळव्याध, भगंदर, फिशर – एकाच इंजेक्शनात मुळापासून’ असं पिवळ्यावर लाल लिहिलेलं असतं. तीन वेगळे रोग, तीन वेगळ्या जागा, तीन वेगळी कारणं आणि इंजेक्शन एक! अद्वैत म्हणतात ते हेच. वर सुश्रुताचं चित्रही असतं. बिचाऱ्या सुश्रुताने अर्श वेगळे सांगितले, भगंदराला स्वतंत्र अध्याय दिला, परिकर्तिका आणखी तिसरीकडे नोंदवली. ते सगळं वाचायला यांना सवड कुठली? चित्र लावलं की झालं.

आता जरा शरीराकडे वळू. गुदमार्गात, बाहेरच्या कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक दंतुर रेषा असते. सगळा तमाशा या रेषेमुळे होतो. रेषेच्या वरच्या अस्तराला कापल्याची, टोचल्याची वेदना कळत नाही. खालच्या भागाला मात्र त्वचेच्या नसा आहेत, आणि त्या भलत्याच हजरजबाबी आहेत. आतली मूळव्याध, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या उशीसारख्या गाद्या सुजून खाली सरकणं, ही रेषेच्या वर होते. म्हणून ती मुकाट्याने रक्त गाळते: लालभडक, थेंबथेंब, कधी भांड्यात पिचकारी उडावी इतकं. माणूस घाबरतो, पण कळवळत नाही. याच कारणाने मूळव्याधीच्या मुळाशी रबराचं कडं घालून ती वाळवता येते आणि रुग्ण तासाभरात घरी जातो. तेच कडं चुकून रेषेच्या खाली बसवलं, तर त्याच्या किंकाळ्या जिन्यापर्यंत ऐकू येतील.

चीर रेषेच्या खाली असते. रक्त थोडं, वेदना फार. मूळव्याधीत रक्त फार, वेदना नाही. एवढा फरक लक्षात ठेवायला वैद्यकाची पदवी लागते का हो? तरीही आपण उलटं पाठ केलंय: दुखलं की मूळव्याध, आणि न दुखता रक्त गेलं की ‘उष्णता वाढली असेल, सब्जा घे’.

बरं, एवढीशी चीर भरत का नाही? गुदद्वाराभोवती दोन स्नायू आहेत. बाहेरचा आपलं ऐकतो, आतला कुणाचंच ऐकत नाही. चीर पडली की हा आतला स्नायू आवळून बसतो. आवळला की कळ लांबते, म्हणून तर शौच आटोपल्यावरही दोन तास माणूस एका कुल्ल्यावर बसलेला दिसतो. शिवाय आवळलेल्या स्नायूमुळे चिरीला रक्तपुरवठा कमी होतो, आणि चीर बहुधा असते नेमकी मागच्या बाजूला, मधोमध, जिथे मुळातच रक्त कमी पोचतं. मग कळीच्या धास्तीने माणूस शौच टाळतो, मळ सुकून कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा फाटते. ओठाच्या कोपऱ्याला चीर पडल्यावर प्रत्येक जांभईला ती उकलते ना, अगदी तसं. फरक इतकाच, की जांभई पुढे ढकलून काही बिघडत नाही.

माझा एक मामेभाऊ बँकेत कॅशियर आहे. दिवसभर खुर्चीत, पाणी कमी, कारण काउंटर सोडता येत नाही. एके दिवशी कडक शौचाला कळ आली आणि मुक्काम करून राहिली. त्याने काय करावं? तिखट सोडलं, अंडी सोडली, मित्राने दिलेली तांब्याची अंगठी घातली. (अंगठी बोटात आणि आजार कुठे, असा प्रश्न बँकेत हिशेब करणाऱ्यालाही पडला नाही!) तिखटाने जळजळ वाढते हे खरं, पण चीर तिखटाने पडत नाही, कडक मळाने पडते. कधी सततच्या जुलाबांनीही पडते. आणि हा पठ्ठ्या भाजी-भाकरी सोडून पांढऱ्या मऊ भातावर आला, का तर ‘पोटाला हलकं’. चोथा गेला, मळ आणखी आवळला.

दोन महिन्यांनी मला फोन. ‘दादा, आता मोडच आलाय. हाताला लागतो.’ इथे या आजाराचा सगळ्यात मोठा विनोद सुरू होतो. चीर सहा-आठ आठवड्यांहून जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा लोंबता तुकडा वाढतो. शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत त्याला पहारेकरी म्हणतात, कारण मागे चीर लपलेली असते आणि हा दारात उभा. तो मूळव्याध नाही. तो दुखतही नाही. पण हाताला लागतो, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर. फलकवाल्यांची निम्मी कमाई या निरुपद्रवी पहारेकऱ्यावर चालत असावी, असा माझा दाट संशय आहे. त्याला दोरा बांधायचा, जाळायचा, त्याच्यावर झोंबरा लेप थापायचा आणि वाळून पडला की डबीत घालून रुग्णाच्या हातात द्यायचा: ‘हे बघा, मूळ निघालं!’ पुरावा हातात आल्यावर कोण शंका घेणार? आमच्या कॅशियरने ती डबी घरी आणली होती. चीर होती तिथेच होती, आता शेजारी लेपाचा भाजल्याचा व्रणही होता.

शेवटी तो शल्यचिकित्सकाकडे गेला. तपासणी मिनिटाची. डाव्या कुशीवर झोपवलं, हलक्या हाताने कातडी बाजूला सारली आणि पाहिलं. चीर दिसली. बोट घातलं नाही, नळी घातली नाही, कारण ताज्या कळीत ते करणं म्हणजे नुसता छळ. दुखणं शमल्यावर दुर्बिणीने आतून पाहायचं ठरलं. आणि चिठ्ठीवर काय लिहिलं? डिल्टियाझेमचं दोन टक्के मलम. घरी येऊन गूगल करून हा संतापला: ‘अरे दादा, हे तर ब्लडप्रेशरचं औषध!’ आहेच. ज्या गुणाने ते रक्तवाहिनीचा स्नायू सैलावतं, त्याच गुणाने तो हट्टी आतला स्नायूही सैलावतो. रक्त पोचतं आणि चीर भरते. मटाराएवढं मलम, दिवसातून दोनदा, बोटाच्या टोकाने कडेवर आणि किंचित आत. नळी खुपसून पिचकारी मारायची नाही. याच कामासाठी नायट्रोग्लिसरीनचंही मलम मिळतं, पण त्याने पुष्कळांचं डोकं ठणकतं.

जोडीला रात्री इसबगोल, दोन चमचे, आणि पूर्ण पेलाभर पाणी. घोटभर पाण्यात गिळलं तर तो आत जाऊन चिकट गोळा होतो आणि मग म्हणायचं, ‘इसबगोल मला मानवत नाही.’ शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. पाण्यात मीठ, डेटॉल, तुरटी, कडुनिंब काहीही नको. उबेने स्नायू सैल पडतो, बाकी सारी चटणी आहे.

आठव्या दिवशी कळ थांबली. म्हणून याने मलम फडताळात टाकलं. तिसऱ्या आठवड्यात कळ परत! कळ थांबणं आणि चीर भरणं या दोन वेगळ्या घटना आहेत, मध्ये कित्येक आठवड्यांचं अंतर असतं. मलम सहा ते आठ आठवडे लावायचं असतं, आणि चोथा तर त्यानंतरही सोडायचा नसतो. दुसऱ्या खेपेला त्याने ते नेटाने केलं आणि चीर भरली.

मलमाने निम्म्याहून अधिक चिरी भरतात. ज्या भरत नाहीत त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे: आतल्या स्नायूची बाजूची थोडी किनार कापून त्याचा आवळ सोडवणं. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बरे होतात, मात्र काहींना पुढे वायू किंवा पातळ शौच रोखणं जड जातं. बाळंतपणात स्नायूला इजा झालेल्या बायकांच्या बाबतीत म्हणून विशेष जपून. पूर्वी भूल देऊन बोटांनी द्वार ताणत असत. स्नायू किती फाटेल यावर कुणाचा ताबा नाही, म्हणून जाणत्यांनी ते मागे टाकलं. आता नवा अवतार आहे लेझर. लेझर म्हटलं की पापं धुतली जातात! पण नीट विचारा: लेझरने काय करणार? ‘मोड काढणार’ असं उत्तर आलं, तर चपला घाला.

आता उलट बाजू, कारण फिशरचा नवा छंद मला कुणाला लागू द्यायचा नाही. द्वाराशी अचानक आलेली, निळसर, टणक, दुखरी गाठ ही बाहेरच्या मूळव्याधीत रक्त साखळल्याची असते. दुखण्यातला हा अपवाद, आणि कळ पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचते. शौचाशी संबंध न ठेवता सतत ठणकतंय आणि ताप आहे, तर गळू समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा; तिथे मलम नाही, चाकूच लागतो. चीर मधोमध नसून बाजूला असेल, किंवा एकाहून जास्त असतील, तर क्षयरोग, आतड्याचे दाहक आजार, लैंगिक संसर्ग, कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. आणि पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त जायला लागलं, मळात मिसळून गडद रक्त येतंय, शौचाची रीत बदलली, वजन उतरलं किंवा रक्तक्षय निघाला, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी व्हायलाच हवी. बाहेर चीर डोळ्यांना दिसत असली तरी. एकाच माणसाला चीर आणि आतड्यात गाठ दोन्ही असू शकतात. काका म्हणतील, ‘काही नाही, मूळव्याध आहे, आमच्या घराण्यातच आहे.’ काकांना विचारा, घराण्यात कुणी आत डोकावून पाहिलं होतं का?